एकसारख्या, खाजऱ्या पुटकुळ्या आणि फेस ऑइलची बाटली

«गेले काही महिने कपाळावर, केसांच्या कडेला आणि पाठीच्या वरच्या भागावर बारीक पुटकुळ्या आल्या आहेत. सगळ्या एकाच मापाच्या. दुखत नाहीत, पण घाम आला की इतक्या खाजतात की विचारू नका. डॉक्टरांनी मुरुम म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. हनुवटीवरचे मोठे फोड बसले, पण कपाळ उलट जास्तच भरलं. त्वचा कोरडी वाटत होती म्हणून फेस ऑइल सुरू केलं, त्यात ऑलिव्ह आणि अर्गन तेल आहे. त्यानंतर जबड्याच्या कडेलाही तसंच सुरू झालं. मैत्रीण म्हणते हे ‘फंगल ॲक्ने’ आहे, नारळाचं तेल लाव, ते बुरशी मारतं. हे खरंच बुरशीचं आहे का? आणि तेल लावायचं नाही तर कोरड्या त्वचेला लावू काय?»
— कपाळाला हात लावलेली

तुमच्या मैत्रिणीचं निदान बहुधा बरोबर आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. फेस ऑइल आजपासून बंद करा आणि नारळाच्या तेलाच्या वाटेला जाऊ नका. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्यांना काय विचारायचं ते पुढे सांगते.

माझा अंदाज असा, की तुमच्या चेहऱ्यावर एक नाही, दोन वेगळे आजार शेजारी शेजारी नांदत आहेत. हनुवटीवर होते ते खरे मुरुम, म्हणून ते गोळ्यांनी बसले. कपाळावर आणि पाठीवर आहे तो मॅलॅसेझिया फॉलिक्युलायटिस, म्हणजे मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे केसांच्या मुळांशी आलेली सूज. यालाच लोक फंगल ॲक्ने म्हणतात. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि निदान चुकतं ते बऱ्याचदा इथेच. गोळीने थोडा फरक पडला की डॉक्टरांना आणि रुग्णाला दोघांनाही वाटतं, औषध बरोबर आहे, फक्त अजून काही दिवस घ्यायला हवं.

आधी ओळखायचं कसं ते बघू. चांगल्या उजेडात आरशासमोर बसा आणि छोटा टॉर्च कपाळाच्या बाजूने, आडवा धरा. समोरून प्रकाश टाकला तर सगळं सपाट दिसतं. बाजूने टाकला की प्रत्येक पुटकुळीची सावली पडते. आता ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड शोधा. खऱ्या मुरुमाची सुरुवात छिद्र बुजण्यापासून होते. मेलेल्या पेशी आणि त्वचेचं तेल मिळून छिद्रात एक बूच तयार होतं आणि सूज त्यानंतर येते. प्रत्येक छिद्र आपापल्या वेळेला बुजतं, त्यामुळे मुरुमांच्या चेहऱ्यावर सगळ्या अवस्थांची सरमिसळ असते: इथे काळा ठिपका, तिथे पांढरा दाणा, मध्येच एक लाल फोड आणि जबड्याजवळ बोट लावलं तरी ठणकणारी खोल गाठ. यीस्टच्या पुटकुळ्यांना ही बुचाची पायरी नसते. छिद्र बुजायची वाट न बघता केसाच्या मुळाशीच सूज येते, शेजारच्या अनेक मुळांशी जवळजवळ एकदमच येते, आणि म्हणून एक ते दोन मिलिमीटरचे एकसारखे लालसर दाणे दिसतात. काहींच्या टोकावर बारीक पू असतो. टॉर्चच्या उजेडात ब्लॅकहेड, व्हाइटहेड अजिबात सापडले नाहीत आणि दाणे एका साच्यातले दिसले, तर यीस्टची शक्यता खूप वाढते.

जागाही बोलते. मुरुमांना चेहऱ्याचा मधला भाग आवडतो: नाक, गाल, हनुवटी. हे यीस्ट कपाळावर केसांच्या रेषेलगत, कानशिलांजवळ, जबड्याच्या कडांना, छातीवर, खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागात जास्त रमतं. तुमचा नकाशा जवळजवळ तंतोतंत तोच आहे. डोक्यात कोंडा होतो का, हेही तुम्ही लिहायला हवं होतं. कोंड्यामागेही मॅलॅसेझियाच असतं, आणि डोक्यावरचा कोंडा तसाच ठेवून कपाळावर औषध लावत बसलात तर हाती फार काही लागत नाही.

खाज हा मोठा पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. मुरुमसुद्धा कधीकधी खाजतात, एखाद्या क्रीमची ॲलर्जी तर नेहमीच खाजते. दाण्यांचं माप, जागा, बुचांचा अभाव आणि खाज हे चारही एकत्र असतील तर मी यीस्टवर बोट ठेवते. घामाने वाढणं हा त्यावरचा शिक्का.

आता गोळ्यांनी कपाळ का बिघडलं? केसाच्या मुळाच्या पिशवीत जिवाणू आणि यीस्ट दोघंही आधीपासून राहतात, तुमच्याही आणि माझ्याही. मुरुमांशी संबंध असलेला जिवाणू क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस. तो पिशवीच्या खोल, प्राणवायू कमी असलेल्या भागात असतो. मॅलॅसेझिया वरच्या बाजूला, तोंडाशी. दोघांचीही गुजराण त्वचेच्या तेलावर. डॉक्सिसायक्लिन जिवाणूंना आवरतं, यीस्टच्या केसालाही धक्का लावत नाही. स्पर्धक कमी झाले की यीस्टला मोकळं रान मिळतं. हे काही नवं ज्ञान नाही. प्रतिजैविकं घेणाऱ्या रुग्णांमध्ये मुरुमांसारखा पुरळ उठतो आणि त्यामागे हे यीस्ट असतं, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात 1969 पासून आहे. तरीही आठवड्यांमागून आठवडे त्याच गोळ्या चालू राहतात, कारण अर्धे फोड बसलेले असतात.

डॉक्सिसायक्लिनमध्ये जिवाणू मारण्याशिवाय सूज कमी करण्याचाही गुण आहे. त्यामुळे पहिले काही दिवस कपाळही थोडं शांत वाटू शकतं आणि मग परत उसळतं. असं झालं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, निदानाला मदत होते.

तेलाचा प्रश्न मात्र सविस्तर समजून घेण्यासारखा आहे, कारण तो कळला की बाजारातली प्रत्येक बाटली तुम्हाला स्वतःला तपासता येईल.

बहुतेक सजीव स्वतःला लागणारी फॅटी ॲसिडं स्वतः तयार करतात. माणसाच्या त्वचेवरच्या मॅलॅसेझियाला ते जमत नाही. 2007 मध्ये मॅलॅसेझिया ग्लोबोसा या प्रजातीचा जीनोम वाचला गेला तेव्हा याचं कारण दिसलं: फॅटी ॲसिड बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमचा जीनच तिथे नाही. त्याऐवजी तेल फोडणाऱ्या लायपेज एन्झाइमांचे भरपूर जीन आहेत. थोडक्यात, ज्याच्या घरात चूलच नाही पण डबे उघडायची हत्यारं ढीगभर आहेत, असा हा प्राणी. तो आयत्या चरबीवरच जगतो. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचं म्हटलं तर साध्या माध्यमावर तो उगवतच नाही. वरून तेल घालावं लागतं, आणि त्यासाठी पूर्वापार वापरलं जाणारं तेल म्हणजे ऑलिव्ह ऑइल. तुमच्या बाटलीतलंच.

वनस्पती तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड: ग्लिसरॉलला चिकटलेल्या तीन फॅटी ॲसिडांच्या साखळ्या. यीस्ट बाहेर लायपेज सोडतं, साखळ्या सुट्या करतं, आणि त्यातली मुख्यतः संपृक्त साखळी आत घेतं. असंपृक्त, विशेषतः ओलेइक ॲसिड, बरंचसं त्वचेवरच राहतं. हे उरलेलं ओलेइक ॲसिड त्वचेच्या संरक्षक थरात शिरून तो सैल करतं आणि अनेकांच्या त्वचेला चुरचुर, खाज आणि लाली आणतं. म्हणजे एकाच थेंबाने दोन कामं होतात. यीस्टला जेवण मिळतं, आणि जेवणानंतरचं खरकटं तुमच्या त्वचेला टोचतं. ऑलिव्ह तेलात ओलेइक ॲसिड निम्म्याहून जास्त असतं, अर्गनमध्येही भरपूर. त्यामुळे कोरडेपणावर लावलेल्या तेलाने खाज वाढली, यात मला नवल वाटत नाही.

साखळीची लांबी इथे महत्त्वाची आहे. साधारण 11 ते 24 कार्बनच्या साखळ्या या यीस्टला वापरता येतात असं प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून मानलं जातं. खाण्याच्या आणि लावण्याच्या बहुतेक वनस्पती तेलांतल्या साखळ्या 16 ते 18 कार्बनच्या, म्हणजे अगदी मधोमध. ऑलिव्ह, अर्गन, बदाम, सूर्यफूल, तीळ, शिया बटर, सगळी त्यातच आली. ‘कोल्ड प्रेस्ड’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ या शब्दांनी साखळीची लांबी बदलत नाही.

उलट बाजूला काही तेलकट पदार्थ असे आहेत की यीस्टला त्यातून खायला काही मिळत नाही. मिनरल ऑइल आणि पेट्रोलियम जेली हे हायड्रोकार्बन आहेत, त्यात फॅटी ॲसिड नाहीच. स्क्वालेन नावाने सीरममध्ये आणि मॉइश्चरायझरमध्ये मिळणारं, हायड्रोजन जोडून स्थिर केलेलं तेलही हायड्रोकार्बनच. डायमेथिकोनसारखी सिलिकॉनं तेलासारखी घसरती असतात पण चरबी नव्हेत. आणि कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, ज्याला एमसीटी तेल म्हणतात, त्यातल्या साखळ्या 8 आणि 10 कार्बनच्या, म्हणजे यीस्टच्या पट्ट्याबाहेरच्या. गंमत अशी की सौंदर्यप्रसाधनांच्या गप्पांमध्ये मिनरल ऑइल खलनायक असतं आणि ऑलिव्ह ऑइल सती-सावित्री. या एका आजारात मात्र पारडं नेमकं उलटं आहे.

इथेच मैत्रिणीच्या नारळाच्या तेलाची गोष्ट येते. त्यात साधारण निम्मं लॉरिक ॲसिड असतं, आणि सुटं लॉरिक ॲसिड प्रयोगशाळेत जंतूंविरुद्ध काम करतं हे खरं आहे. पण तुम्ही लावणार ते सुटं लॉरिक ॲसिड नाही, अख्खं तेल लावणार. त्यात लॉरिक ॲसिड ट्रायग्लिसराइडमध्ये बांधलेलं असतं, त्याची साखळी 12 कार्बनची, आणि सोबत मिरिस्टिक, पामिटिक, ओलेइक ही सगळी मंडळी आहेतच. बशीतल्या प्रयोगावरून कपाळाचा उपचार ठरवण्याची ही हौस महागात पडते.

नेमक्या याच कारणाने मी तुम्हाला दुसऱ्या टोकाचाही धोका सांगते. ‘फंगल ॲक्नेसाठी सुरक्षित’ अशा घटकांच्या याद्या इंटरनेटवर फिरतात आणि लोक एकेका क्रीमचे तीस-तीस घटक त्यांच्याशी ताडून बघतात. त्या यादीत पॉलिसॉर्बेट, ग्लिसरिल स्टिअरेट, आयसोप्रोपिल पामिटेट अशी नावं लाल शाईत असतात. ती काही हवेतून आलेली नाहीत. हे सगळे फॅटी ॲसिडांचे एस्टर आहेत, आणि पॉलिसॉर्बेट तर मॅलॅसेझियाच्या प्रयोगशाळेतल्या माध्यमात मुद्दाम घालतात. पण चेहरा धुऊन टाकायच्या फेसवॉशमध्ये चिमूटभर पॉलिसॉर्बेट असणं आणि शुद्ध तेल रात्रभर चेहऱ्यावर ठेवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय तुमची त्वचा स्वतःच दिवसरात्र तेल पाझरत असते, आणि यीस्टचा मुख्य शिधा तोच. बाहेरचं सगळं बंद केलं तरी यीस्ट उपाशी मरत नाही. तेल थांबवल्याने आगीत ओतलं जाणारं इंधन थांबतं. आग विझवायला औषध लागतंच. म्हणून माझा नियम सोपा आहे. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनाच्या यादीत पहिल्या पाच-सहा नावांत वनस्पती तेल, बटर किंवा असे एस्टर असतील तर ते ठेवून द्या. यादीच्या तळाशी असतील किंवा उत्पादन धुऊन जाणारं असेल तर झोप उडवू नका. आणि हो, हे सगळं लावायच्या तेलाबद्दल आहे. जेवणातल्या तेलाचा इथे संबंध लावू नका.

कपाळावर जे उतरतं तेही मोजा. केसांना लावलेलं तेल, केसांचं सीरम, धुताना चेहऱ्यावरून ओघळणारा कंडिशनर. पाठीवरच्या पुटकुळ्यांना हा ओघळ अनेकदा कारणीभूत असतो. केस पुढे वाकून धुवा, बांधा आणि मग पाठ-चेहरा शेवटी धुवा.

आता डॉक्टरांकडे काय करायचं. त्वचारोगतज्ज्ञांना ‘के.ओ.एच. तपासणी करता येईल का’ असं विचारा. पुटकुळीचं टोक हलकेच खरवडून त्यातला ऐवज काचपट्टीवर घेतात, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्वचेच्या पेशी विरघळतात आणि यीस्ट शिल्लक राहतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. मिनिटांचं काम आहे. निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: चार-दोन गोल यीस्ट निरोगी त्वचेवरही सापडतात, त्यामुळे नुसतं ‘यीस्ट दिसलं’ म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. एकाच ठिकाणी त्यांची गर्दी आणि त्यांना फुटलेले कोंब दिसले, तर त्याला अर्थ आहे. काही दवाखान्यांत वुड्स लॅम्पखालीही बघतात. त्या निळसर-जांभळ्या उजेडात केसांच्या मुळांशी पिवळट-हिरवी चमक दिसू शकते. न दिसली म्हणून मात्र यीस्ट नाही असं होत नाही. तपासणी करायची असेल तर बुरशीविरोधी काहीही लावायच्या आधी करा. आठवडाभर शाम्पू चोळून गेलात तर काचपट्टीवर काय सापडणार?

तपासणीची सोय नसेल तरी अडत नाही. वर्णन इतकं जुळत असताना बुरशीविरोधी औषध लावून बघणं, आणि चार आठवड्यांत फरक पडतो का ते पाहणं, ही मान्य पद्धत आहे.

लावायच्या औषधांत मी सुरुवात शाम्पूपासून करते. केटोकोनाझोल 2 टक्के असलेला कोंड्याचा औषधी शाम्पू. तो त्वचेवर वापरायचा म्हटलं की लोक बिचकतात, पण पाठीसारख्या मोठ्या भागाला तोच सोयीचा. ओल्या त्वचेवर पातळ थर लावा, चोळू नका, पाच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. लोक नेमकं इथेच चुकतात. लावला-धुतला असं केलं तर औषधाला मुळाशी पोचायला वेळच मिळत नाही. पाठीवर त्वचा सोसेल तर रोज, चेहऱ्यावर एक दिवसाआड, डोळे मिटून आणि पापण्यांपासून लांब. डोक्यात कोंडा असेल तर त्याच वेळी डोक्यालाही. हे तीन ते चार आठवडे. शाम्पूने चेहरा कोरडा होतो. ताण आणि थोडी साल निघणं चालेल, भाजल्यासारखं झालं तर दोन दिवसांचं अंतर ठेवा. केटोकोनाझोल मिळत नसेल तर सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑनचे शाम्पूही चालतात, पण सेलेनियम सल्फाइड चेहऱ्याला जास्त टोचतं, ते पाठीपुरतं ठेवा. कपाळ आणि जबड्याच्या कडांना शाम्पू सोसत नसेल तर केटोकोनाझोलचं क्रीम रात्री पातळ थराने लावता येतं. क्रीमच्या घटकांत एखादा एस्टर दिसला म्हणून ते फेकू नका, त्यात औषधही आहे.

पहिल्या आठवड्यात बदल दिसेल तो खाजेत. दाणे बसायला त्याहून वेळ लागतो, कारण यीस्ट केसाच्या पिशवीत आत असतं आणि वरून लावलेलं औषध तिथे हळूहळूच झिरपतं. म्हणून पुरळ खूप पसरलेला असेल, पाठ-छाती भरलेली असेल किंवा शाम्पूने महिन्याभरात भागलं नाही, तर डॉक्टर पोटात घ्यायचं औषध देतात. नेहमीचं म्हणजे इट्राकोनाझोल, दिवसाला 200 मिलिग्रॅम, एक ते तीन आठवडे; किंवा फ्लुकोनाझोल. त्यांचा गुण लवकर येतो. पण ही औषधं मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून घ्यायची नाहीत. इट्राकोनाझोल हृदयविकारात, विशेषतः हृदय कमजोर असेल तर चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, आणि त्याची कॅप्सूल आम्लपित्ताच्या औषधासोबत घेतली तर नीट शोषलीच जात नाही. ती जेवणानंतर घ्यायची. यकृताचा त्रास, गरोदरपण किंवा त्याचा विचार, रोजची इतर औषधं, हे सगळं डॉक्टरांना न विचारता आपणहून सांगा. केटोकोनाझोलची गोळी मात्र या आजारासाठी कुणी दिली तर नम्रपणे नाही म्हणा. यकृताला होणाऱ्या गंभीर इजेमुळे 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिचा वापर त्वचेच्या आजारांसाठी करू नये असं बजावलं, आणि त्याच वर्षी युरोपातल्या नियामकाने तिची विक्री थांबवण्याची शिफारस केली. शाम्पू आणि क्रीममधलं केटोकोनाझोल रक्तात जवळजवळ जात नाही, त्याला ही भीती लागू नाही.

एका गोष्टीबद्दल मी जरा कठोर होते. बुरशी, जिवाणू आणि स्टेरॉइड असं तिन्हींचं ‘ऑल इन वन’ क्रीम कुणी हातात ठेवलं तर लावू नका. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत जाते, माणूस खूश होतो, आणि तेच स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबून यीस्टला आणखी वाढू देतं. शिवाय स्टेरॉइडमुळे स्वतःचाच एक पुरळ उठतो, तोही एकसारख्या बारीक दाण्यांचा. मग कशामुळे काय आलं हे सांगणं माझ्यासारख्यांनाही जड जातं. क्रीमच्या नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर समजा, ते तुमच्यासाठी नाही.

हनुवटीच्या मुरुमांना विसरू नका. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: ‘गोळ्या थांबवून मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन लावलं तर चालेल का?’ ही दोन्ही प्रतिजैविकं नाहीत, त्यामुळे यीस्टला मोकळं रान देत नाहीत. फक्त सगळं एकाच दिवशी सुरू करू नका. शाम्पूचे दोन आठवडे होऊ द्या, त्वचा स्थिरावली की मग हनुवटीपुरतं ॲडापलीन, तेही आधी दिवसाआड. नाहीतर चेहरा लाल झाला तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

आणि कोरड्या त्वचेला काय लावायचं? ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड असलेलं हलकं जेल मॉइश्चरायझर, ज्यात वनस्पती तेल नाही आणि डायमेथिकोन किंवा स्क्वालेन आहे. चेहरा धुतल्यावर तो किंचित ओला असतानाच लावा. अगदीच तेलाशिवाय करमत नसेल तर रात्री नुसत्या स्क्वालेनचे दोन थेंब पुरतात. पेट्रोलियम जेली यीस्टला खाऊ घालत नाही हे खरं, पण कपाळावर जाड थर देऊन घाम आणि ओलावा कोंडून ठेवते, म्हणून ती ओठांपुरती बरी. तुम्हाला वाटणारा कोरडेपणा खरंच कोरडेपणा आहे का, हेही एकदा तपासा. नाकाच्या कडेला आणि भुवयांत पिवळट, चिकट पापुद्रे असतील तर तो कोंड्याचाच चेहऱ्यावरचा भाऊ, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. त्याला तेल नाही, तोच शाम्पू लागतो.

घाम आल्यावर ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका. घट्ट पट्टे, टोपी, हेल्मेटचं अस्तर कपाळाला घासत असेल तर ते धुवा आणि मध्ये सुती कापड ठेवा. पुटकुळ्या खाजवून फोडल्या तर त्यात जिवाणूंचा संसर्ग वर चढतो आणि चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं.

एवढं करूनही हा आजार परत येतो, आणि परत येणं हा उपचाराचा पराभव नाही. यीस्ट त्वचेचं कायमचं रहिवासी आहे. आपण त्याला हाकलत नाही, आटोक्यात ठेवतो. म्हणून बरं झाल्यावरही आठवड्यातून एकदा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुण्याची सवय चालू ठेवा. ज्यांना प्रत्येक दमट हवामानात त्रास उसळतो त्यांनी तेव्हा दोनदा करावं. दाणे बसल्यावर तपकिरी डाग काही महिने राहतात. ते डाग आहेत, आजार नव्हे, त्यांच्यासाठी औषध वाढवू नका. उन्हापासून त्वचा जपली तर ते लवकर फिके होतात.

चार आठवडे नीट उपचार करूनही काडीचा फरक नसेल, तर माझा अंदाज चुकीचा आहे असं समजून परत तज्ज्ञांकडे जा. अशाच दिसणाऱ्या आजारांची यादी छोटी नाही. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावरही असेल आणि घरातल्या इतरांनाही असेल, तर ती खरूज असू शकते. मोठे, दुखणारे, तापासोबत येणारे फोड असतील तर थांबायचं नाही. मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा तोंडाने स्टेरॉइड घेत असाल, तर हा सगळा घरगुती क्रम बाजूला ठेवून आधीच डॉक्टरांना दाखवा; तिथे हे यीस्ट जास्त हट्टी असतं आणि दुसरे संसर्गही शोधावे लागतात.

भेटीला जाताना चेहऱ्याला काही लावू नका. फेस ऑइल, केसांचं तेल, मॉइश्चरायझर, जे जे वापरता त्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो सोबत न्या, आणि डॉक्सिसायक्लिन कोणत्या तारखेला सुरू केलं, कपाळ कधी बिघडलं, तेल कधी आलं हे एका कागदावर लिहून ठेवा. काचपट्टीच्या खालोखाल तो कागद उपयोगी पडतो.